ठोकळा खाली पडायला किती वेळ लागतो?

१९८४ साली मॉस्कोतल्या सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात अलेक्सी पाजितनोव्ह नावाचा एक संशोधक ‘एलेक्ट्रॉनिका ६०’ या यंत्रावर एक खेळ जुळवत बसला होता. त्या यंत्रावर चित्रं काढायची सोय नव्हती, त्यामुळे ठोकळे दाखवायला तो कंस आणि तत्सम अक्षरचिन्हं वापरत होता. लहानपणी त्याने पाच-पाच चौकोनांच्या लाकडी तुकड्यांचं कोडं सोडवलं होतं. त्या कोड्यातले बारा आकार संगणकावर फार गुंतागुंतीचे होतील, म्हणून त्याने चार चौकोनांचे सातच आकार घेतले आणि ते वरून खाली पडू दिले. खेळ चालला, पण वीसेक सेकंदांत पडदा भरून जाई आणि पुढे करण्यासारखं काही उरत नसे. मग त्याच्या लक्षात आलं, की पूर्ण भरलेल्या ओळीचं आता पडद्यावर काहीच काम नाही. त्याने ती नाहीशी करायला सांगितलं. त्यानंतर पाजितनोव्हला स्वतःचाच खेळ सोडवेना. ‘टेट्रिस’ तयार झाला होता.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात हातात मावणाऱ्या, करड्या पडद्याच्या ‘ब्रिक गेम’मधून हाच खेळ घरोघरी पोचला. उन्हाळ्याच्या सुटीत भावंडांची त्याच्यावरून भांडणं झाली, आणि हाक मारली तरी पोरं ओ देत नाहीत म्हणून आयांनी त्याच्यातले सेल काढून ठेवले. या खेळाला गोष्ट नाही, पात्रं नाहीत, बक्षीस नाही. इतक्या कोरड्या सामग्रीत माणूस एवढा का रंगतो, हा प्रश्न म्हणूनच गंभीरपणे घेण्यासारखा आहे. त्याचं सर्वांत उपयोगी उत्तर टेट्रिसच्या जन्मापूर्वीच एका मानसशास्त्रज्ञाने देऊन ठेवलं होतं.

मिहाय चिकसेंटमिहायी हा हंगेरियन घराण्यातला माणूस तरुणपणी अमेरिकेत गेला आणि शिकागोत शिकून तिथेच संशोधन करू लागला. कड्यांवर चढणारे, बुद्धिबळ खेळणारे, नर्तक, संगीतकार, शल्यविशारद अशा लोकांना तो विचारत असे, की काम अगदी छान चाललेलं असतं तेव्हा आत नेमकं काय होतं? उत्तरं चकित करण्याइतकी सारखी आली. लक्ष पूर्णपणे कामात असतं, स्वतःचा विसर पडतो, वेळेचं भान सुटतं, आणि पुढची कृती आपोआप सुचत जाते. अनेकांनी वाहत जाण्याची उपमा दिली, म्हणून त्याने या अवस्थेला ‘फ्लो’ म्हटलं. १९७५ साली आलेल्या त्याच्या पुस्तकाच्या नावातच कंटाळा आणि चिंता हे दोन शब्द होते. त्याची मांडणी थोडक्यात अशी: समोरचं आव्हान आपल्या कौशल्यापेक्षा फारच कमी असेल तर कंटाळा येतो, फारच जास्त असेल तर घोर लागतो, आणि दोन्ही एकमेकांना पुरून उरतील असे असतील तर त्यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्ट्यात फ्लो सापडतो. त्यासोबत आणखी दोन गोष्टी लागतात. आत्ता काय करायचं आहे हे स्वच्छ कळलं पाहिजे, आणि केलेलं बरोबर की चूक हे लगेच कळलं पाहिजे.

हा पट्टा स्थिर नसतो, ही त्यातली खरी अडचण. माणूस खेळता खेळता शिकत जातो. काल ज्यात घाम फुटला, त्यात आज जांभई येते. म्हणजे खेळाला माणसाच्या मागोमाग सरकत राहावं लागतं. टेट्रिस हे कसं करतो ते आकड्यांत पाहता येतं, कारण १९८९ साली निन्टेन्डोच्या घरगुती यंत्रावर आलेल्या आवृत्तीचा वेग पातळीगणिक ठरलेला आहे आणि खेळाडूंनी तो चौकटीन् चौकट मोजून ठेवला आहे.

पट दहा घरं रुंद आणि वीस घरं उंच. शून्य पातळीवर ठोकळा एक घर खाली यायला पडद्याच्या ४८ चौकटी घेतो. सेकंदाला साठ चौकटी होतात, म्हणजे रिकाम्या पटावर तळ गाठायला सुमारे सोळा सेकंद. नवख्याला ही सोळा सेकंदं हवीच असतात. आकार ओळखायचा, कसा फिरवायचा ते ठरवायचं, कुठे बसेल ते शोधायचं. दहा ओळी पूर्ण झाल्या की पातळी वाढते. दहा ओळींना शंभर घरं, म्हणजे पंचवीस ठोकळे लागतात, तेवढाच सराव पदरी पडल्यावर वेग थोडा वाढतो. पाचव्या पातळीवर वेळ साडेसात सेकंदांच्या आसपास येतो आणि नवव्या पातळीवर दोन सेकंदांवर.

इथे रचनेतली एक शहाणी गोष्ट दिसते. पहिल्या नऊ पातळ्यांत वेळ सोळावरून दोनवर घसरतो, पण पुढच्या नऊ पातळ्यांत फक्त दोनवरून एकवर. दहाव्या पातळीपासून तर एकच वेग तीन-तीन पातळ्या टिकतो, म्हणजे पंचाहत्तर ठोकळ्यांपर्यंत खेळ खेळाडूला तिथेच थांबू देतो. सुरुवातीला माणूस झपाट्याने शिकतो, कारण तो आकार ओळखायला शिकत असतो. नंतर त्याला बोटं आणि डोळे घडवायचे असतात, आणि त्याला वेळ लागतो. वेगाची चढण या शिकण्याच्या चढणीशी बरीच जुळलेली आहे. तीच चढण सरळ रेषेत आखली असती, तर आरंभी कंटाळा आणि मध्यावर धांदल, असं दोन्ही पदरी आलं असतं.

पण वेग हा झाला खेळाच्या हातातला भाग. टेट्रिस टिकला तो दुसऱ्या भागामुळे, आणि तो भाग खेळाडूच्या हातात असतो: ढीग. ठोकळ्याला मिळणारा वेळ वीस घरांवर नव्हे, तर ढिगाच्या माथ्यापासून वर किती जागा उरली आहे त्यावर ठरतो. ढीग दहा घरं उंच झाला की वेग तोच राहूनही हातातला वेळ निम्मा होतो. चुकीचा ठोकळा पडला तर खाली पोकळी राहते, ती झाकली जाते, आणि वरच्या ओळी काढल्याशिवाय तिच्यापर्यंत पोचता येत नाही. झालेली चूक डोळ्यांसमोर राहते, तिची किंमत कळते आणि बहुतेक वेळा ती निस्तरताही येते. पडदा भरत असताना चार ओळी सलग काढून खाली येण्यात जो सुटकेचा निःश्वास असतो, तो कोणत्याही पातळीवर मिळू शकतो. एकाच डावात घबराट आणि दिलासा यांच्या लाटा येत राहतात, आणि त्या लाटा बऱ्याच अंशी खेळाडूनेच उठवलेल्या असतात.

गुणांची पद्धत याला जोड देते. शून्य पातळीवर एक ओळ काढली की ४० गुण, दोन एकदम काढल्या की १००, तीन काढल्या की ३००, आणि उभ्या लांब दांड्याने चार एकदम काढल्या की १२००. चार ओळी एकेक करून काढल्या तर १६० गुणच होतात. म्हणून सरावलेला माणूस संथ पातळीवर जांभया देत बसत नाही. तो एका कडेचा रकाना मुद्दाम मोकळा ठेवतो, बाकीचे नऊ रकाने भरत नेतो आणि दांड्याची वाट पाहतो. ढीग चढतो, धोका वाढतो, पण हा धोका त्याने स्वतः पत्करलेला असतो. शेजारी बसलेली त्याची धाकटी बहीण त्याच वेगावर एकेक ओळ काढत निवांत खेळू शकते. यंत्र एकच, वेग एकच, तरी दोघांचं आव्हान वेगळं. खेळ रंगण्यामागचं माझ्या मते सर्वांत कमी बोललं जाणारं कारण हेच आहे. अवघडपणा नुसता योग्य मापाचा असून भागत नाही, तो थोडासा तरी खेळणाऱ्याच्या मुठीत असावा लागतो.

मुठीतून तो सुटला की काय होतं, हेही टेट्रिसच्या भावंडांत पाहायला मिळतं. ‘बास्टेट’ नावाची एक आवृत्ती पटाची स्थिती तपासून खेळाडूला नको असलेलाच आकार पुढे करते. वेग बेताचा असला तरी तिच्यात फार काळ रमता येत नाही, कारण चांगलं खेळलं तरी फळ मिळेल हा भरवसाच उरत नाही. उलट २००१ साली आलेल्या ‘टेट्रिस वर्ल्ड्स’मध्ये ठोकळा तळाला टेकल्यावरही सतत फिरवत ठेवला तर तो बसतच नसे. खेळाडू हवा तितका वेळ विचार करू शकत होता. सोय म्हणून दिलेल्या या सवलतीने ताणच काढून घेतला, आणि जुन्या खेळाडूंनी त्यावर सडकून टीका केली.

दैवाचा वाटाही मोजून द्यावा लागतो. निन्टेन्डोच्या जुन्या आवृत्तीत पुढचा आकार बहुतांशी नशिबावर असे. कधी कधी पन्नास-पन्नास ठोकळे दांडा येतच नसे, आणि खेळाडू त्याला ‘दुष्काळ’ म्हणत. आजच्या अधिकृत टेट्रिसमध्ये सातही आकार एका पिशवीत घालून, हलवून, एकेक बाहेर काढल्यासारखे येतात. पिशवी संपली की नवी. त्यामुळे एका दांड्यानंतर दुसरा यायला मध्ये जास्तीत जास्त बारा आकार येऊ शकतात. पुढे काय येईल हे नक्की कळत नाही, पण आखणी करता येते. चिंता आणि उत्कंठा यांच्यातलं अंतर अनेकदा एवढंच असतं.

मानसशास्त्रज्ञांनाही टेट्रिस आवडला तो याच कारणासाठी, की त्याचा अवघडपणा एका खुंटीने वरखाली करता येतो. जर्मनीत योहानेस केलर आणि हर्बर्ट ब्लेस यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना टेट्रिसचे तीन प्रकार खेळायला दिले. एकात ठोकळे रटाळपणे पडत, एकात हाताबाहेरच्या वेगाने, आणि तिसऱ्यात खेळाडूच्या कामगिरीनुसार वेग कमीजास्त होत राही. तिसऱ्या प्रकारात लोक अधिक रमले आणि वेळ भरकन गेल्यासारखा त्यांना वाटला. कॅलिफोर्नियात केट स्वीनी आणि तिच्या सहकाऱ्यांनी अशाच तीन प्रकारांचा वेगळा उपयोग केला. विद्यार्थ्यांना सांगण्यात आलं, की तुमच्या छायाचित्रावरून इतर लोक तुमच्या दिसण्याला गुण देत आहेत, निकाल थोड्या वेळाने कळेल. तोवर टेट्रिस खेळा. ताटकळण्याच्या त्या वेळात जुळवून घेणारा प्रकार ज्यांच्या वाट्याला आला, त्यांची मनःस्थिती इतरांपेक्षा बरी राहिली. फार सोपा किंवा फार अवघड खेळ त्या धाकधुकीतून मनाला तितकं बाहेर काढू शकला नाही. परीक्षेच्या निकालाच्या सकाळी मुलाच्या हातात काय द्यावं, याचा विचार करणाऱ्या पालकांना हे माहीत असायला हरकत नाही.

खेळणारा पट्ट्याच्या कोणत्या बाजूला घसरला आहे, हे बाहेरूनही ओळखू येतं. कंटाळलेला माणूस खालच्या बाणाचं बटण दाबून ठोकळे घाईने खाली ढकलू लागतो. वेळ जास्त झालाय, मी तो फेकून देतो आहे, असंच त्याचं बोट सांगत असतं. त्याचे डोळे अधूनमधून पडद्याबाहेर जातात. धास्तावलेल्याचं उलट होतं. लक्ष बाहेर न जाता स्वतःकडे वळतं, ‘मला जमत नाहीये’ असं आत सुरू होतं. पुढचा आकार कोपऱ्यात दिसत असूनही तो त्याकडे पाहत नाही, गरजेपेक्षा जास्त वेळा ठोकळा फिरवतो, आणि बसवायची जागा शेवटच्या क्षणी बदलतो. पहिल्याला वेग वाढवून द्यावा, दुसऱ्याला तो कमी करून. आपण घरात बहुतेकदा याच्या उलट करतो: चिडलेल्या मुलाला ‘अजून जोर लाव’ म्हणतो आणि कंटाळलेल्याला ‘चिकाटी नाही’ म्हणून बोल लावतो.

आपोआप जुळवून घेणारं यंत्र हाच मग सर्वांत चांगला उपाय, असं वाटेल. शांघायहून अमेरिकेत शिकायला आलेला जेनोव्हा चेन याने २००६ साली पदव्युत्तर प्रबंधात याच्याशी मतभेद मांडला. यंत्राला खेळाडूच्या हालचाली मोजता येतात, मन मोजता येत नाही. कुणी मुद्दाम मरून पाहत असेल तर यंत्राला वाटतं त्याला जमत नाही. शिवाय आपल्यासाठी खेळ गुपचूप सोपा केला जातोय हे कळलं की जिंकण्याची चव जाते. चेनचा उपाय असा, की अवघडपणा निवडणं हाच खेळाचा भाग करावा. प्रबंधासोबत त्याने ‘फ्लो’ याच नावाचा एक छोटा खेळ केला. पाण्यात वळवळणारा एक जीव इतर जीव खात वाढतो. एक प्रकारचा जीव खाल्ला की आणखी खोल पाण्यात जाता येतं, तिथले जीव अधिक आक्रमक असतात, आणि दुसऱ्या प्रकारचा खाल्ला की वर येता येतं. हरलं तरी डाव संपत नाही, एक थर वर ढकललं जातं, इतकंच. ‘सोपा, मध्यम, अवघड’ अशी पाटी कुठेही नाही. कुणी वरच रेंगाळतो, कुणी थेट तळाकडे जातो. ढिगातून जे टेट्रिसमध्ये घडलं, ते इथे जाणूनबुजून घडवलं आहे.

पट्टा किती सरकू शकतो याचं अलीकडचं उदाहरण पुन्हा त्या १९८९च्या आवृत्तीतलंच आहे. एकोणतिसाव्या पातळीवर ठोकळा प्रत्येक चौकटीला एक घर पडतो. वीस घरं, वीस चौकटी, एक तृतीयांश सेकंद. बटण दाबून धरलं तर ठोकळा दर सहा चौकटींना एकच घर सरकतो, म्हणजे तेवढ्यात तीनचार घरं. मध्यावरून भिंतीपर्यंत पोचायला त्याहून जास्त लागतात. त्यामुळे ही पातळी म्हणजे खेळाचा शेवट, असं वर्षानुवर्षं मानलं जाई. मग काही जणांनी बटण दाबून न धरता बोट थरथरवून सेकंदाला दहापेक्षा जास्त वेळा दाबायला सुरुवात केली. नंतर कंट्रोलरच्या पाठीवर दुसऱ्या हाताच्या बोटांनी एकामागून एक टिचक्या मारून पुढचं बटण दाबलं जाईल अशी पद्धत निघाली आणि भिंत पडली. २०२३च्या डिसेंबरात अमेरिकेतला विलिस गिब्सन हा तेरा वर्षांचा मुलगा १५७व्या पातळीपर्यंत पोचला आणि तिथे खेळच अडकून बंद पडला. एकोणतिसाव्या पातळीचा वेग आता वरच्या खेळाडूंना ठरावीक वाटू लागला होता, डाव संपेनात. म्हणून जागतिक स्पर्धेसाठी एकोणचाळिसाव्या पातळीपासून वेग आणखी दुप्पट करावा लागला.

या सिद्धांताच्या मर्यादाही आहेत, आणि त्या झाकण्यात अर्थ नाही. आव्हान आणि कौशल्य जुळलं की फ्लो, हे जुनं समीकरण तसंच्या तसं टिकलं नाही. मिलानच्या फाउस्तो मासिमिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांच्या रोजच्या नोंदी तपासल्या, तेव्हा दिसलं की दोन्ही कमी असतानाही जुळणी होतेच, पण त्यातून निष्पन्न होते ती उदासीनता. फ्लो हवा असेल तर दोन्ही त्या माणसाच्या नेहमीच्या सरासरीच्या वर लागतात. सापशिडी मोठ्यांना रमवत नाही ती यामुळेच. तिथे फासाच सगळं ठरवतो, कौशल्याला वावच नाही. लहान मुलाला मात्र सोंगटी मोजत नेणं हेच आव्हान असतं, म्हणून ते रंगतं.

आणि माणूस खेळात बुडाला म्हणजे तो फ्लोमध्येच आहे, असंही नाही. मानवशास्त्रज्ञ नताशा शूल यांनी लास व्हेगासमध्ये जुगारयंत्रांवर तासन् तास बसणाऱ्यांशी वर्षानुवर्षं बोलून २०१२ साली एक पुस्तक लिहिलं. त्या लोकांनी वर्णन केलेली अवस्था वरवर अगदी फ्लोसारखी आहे: वेळ विरघळतो, जग नाहीसं होतं. काही जणांनी तर सांगितलं, की त्यांना जिंकायचंही नसतं, फक्त त्या अवस्थेत राहायचं असतं. मोठी जीत झाली तर उलट व्यत्यय वाटतो. पण तिथे कौशल्य नावालाही नाही. यंत्र डाव संपवून पुढचा इतक्या झटपट सुरू करतं, की विचाराला फट मिळत नाही, आणि पन्नास नाणी लावून वीस परत आली तरी दिवे लावून, घंटा वाजवून जिंकल्याचा सोहळा करतं. फोनवरच्या कितीतरी खेळांनी हीच घंटा उचलली आहे.

दोन्हींतला फरक खेळून उठलेल्या माणसाला विचारला तर कळतो. टेट्रिसचा डाव हरलेला माणूस सांगू शकतो, की तो आडवा ठोकळा डावीकडे ठेवायला हवा होता. जुगारयंत्रावरून उठलेल्याकडे सांगण्यासारखी एकही चाल नसते.